सदनिकावार थकबाकीचा तक्ता : एक संवाद

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदाराने सचिवाला लिहावयाचे पत्र दिसावयास लहान असते. सोबत देखभाल खर्चाच्या थकबाकीचा सदनिकावार व महिनावार तक्ता जोडला आहे, तो व्यवस्थापक समितीपुढे ठेवून पुढील कार्यवाही व्हावी, एवढाच त्यातील मजकूर. परंतु त्या तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात जो आकडा बसतो तो कोणा एका कुटुंबाविषयी केलेले विधान असतो, आणि समितीने एकदा तो मान्य केला म्हणजे त्या विधानावर तगाद्याचे पत्र, निवडणुकीतील अपात्रता आणि प्रसंगी निबंधकाकडील वसुलीचा दाखला असे सारे काही उभे राहते. आमची संस्था बारा सदनिकांची; तिचा ऑगस्टअखेरचा तक्ता आमच्या खजिनदार ताईंनी तयार केला आणि सचिव या नात्याने माझ्या नावे लिहिलेल्या पत्रासह आणून दिला, त्या वेळी समितीतील ज्येष्ठ सदस्य अण्णा तेथे होते. ताईंची हयात हिशेब तपासणीच्या कामात गेलेली, अण्णांची शाळेत मुलांना शिकवण्यात. माझ्या आधी सचिवपद अण्णांनीच सांभाळले होते. त्या दोघांत जे बोलणे झाले ते बहुतांशी त्यांच्याच शब्दांत देत आहे.

अण्णा : ताई, तुमच्या अक्षराविषयी आणि बेरजांविषयी मला शंका नाही, पण पाच महिने आणि बारा सदनिका म्हणजे साठ रकाने झाले, आणि सचिवाला त्यांतून हवे असते ते एवढेच की कोणाकडे किती रक्कम येणे आहे. मी सचिव असताना पत्राच्याच पोटात सदनिकेचा क्रमांक आणि पुढे एकूण रक्कम अशी चार ओळींची यादी घेत असे व त्यावर वसुली होत असे. शिवाय इतका तपशील कागदावर आला की तो चार लोकांच्या नजरेस पडतो, आणि ज्याची एका महिन्याची रक्कम चुकून राहिली तोही जुन्या थकबाकीदारांच्या पंक्तीत बसतो.

ताई : पंक्तीचा प्रश्न आपण मागाहून पाहू, अण्णा, आधी एकूण रकमेविषयी बोलते. एकूण रक्कम किती हे कळते, पण ती किती जुनी हे कळत नाही. एका सदनिकेकडे बारा हजार आहेत आणि दुसरीकडेही बारा हजार आहेत असे तुमची यादी सांगेल. पण एकीचे बारा हजार एप्रिलपासूनचे पाच हप्ते असतील, आणि दुसरीचे सारे गेल्या महिन्यात आकारलेल्या मोठ्या दुरुस्तीच्या वर्गणीचे असतील. कायद्याने सभासद थकबाकीदार ठरतो तो रकमेच्या आकारावरून ठरत नाही, मुदतीवरून ठरतो. देयक हाती पडल्याचा दिवस किंवा रक्कम भरण्याचा शेवटचा दिवस, यांतील जो नंतरचा असेल त्यापासून तीन महिने उलटले पाहिजेत. ती मुदत महिन्यांच्या रकान्यांखेरीज दुसरीकडे कोठे दिसणार?

अण्णा : शेवटच्या भरण्याची तारीख पुढे लिहिली म्हणजे झाले.

ताई : नाही होत. सदनिका क्रमांक सातचा दाखला घ्या. तिची दरमहा आकारणी २,४०० रुपये. भरणा करण्याची मुदत त्या त्या महिन्याच्या अखेरपर्यंत. एप्रिलपासून त्यांनी काही भरले नाही आणि ३१ जुलैला ४,८०० रुपयांचा धनादेश दिला. शेवटचा भरणा ३१ जुलैचा. म्हणजे तुमच्या यादीप्रमाणे गृहस्थ नुकतेच पैसे देऊन मोकळे झालेले. आता हे ४,८०० रुपये कोणत्या दोन महिन्यांचे, हे सांगा.

अण्णा : जुन्यांत जुन्या महिन्यांचे, म्हणजे एप्रिल आणि मे. त्यात विचार कसला करावयाचा?

ताई : धनादेशासोबतच्या चिठ्ठीत त्यांनी स्वतः 'जून व जुलै' असे लिहिले आहे. गच्चीच्या गळतीची तक्रार त्यांनी मार्चमध्ये केली होती, ती दुरुस्ती मेअखेर झाली, आणि म्हणून आधीच्या दोन महिन्यांची आकारणी त्यांना मान्य नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा. त्याच्या ५९व्या कलमाप्रमाणे देणेकऱ्याने अमुक देण्यापोटी म्हणून पैसे दिले आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते त्याच देण्यात वळते केले पाहिजेत. त्याने काहीच सांगितले नसते तर ६०व्या कलमाने निवड आपली होती. आणि दोघेही मुके राहिले असते तर ६१व्या कलमाने जुने देणे आधी फिटले असते. चिठ्ठीसह धनादेश आपण बँकेत भरला, तेव्हा निवड त्यांची झाली.

असे म्हणून ताईंनी दोन्ही रीतींनी मांडलेला कागद पुढे केला. व्याज आमच्या संस्थेच्या ठरावाप्रमाणे द.सा.द.शे. २१ सरळव्याजाने, म्हणजे २,४०० रुपयांवर दरमहा ४२ रुपये, मुदत संपल्यानंतरच्या महिन्यापासून धरलेले आहे.

| महिना | मागणी | सभासदाच्या चिठ्ठीप्रमाणे बाकी | जुने आधी फेडल्यास बाकी |
|---|---|---|---|
| एप्रिल | २,४०० | २,४०० | ० |
| मे | २,४०० | २,४०० | ० |
| जून | २,४०० | ० | २,४०० |
| जुलै | २,४०० | ० | २,४०० |
| ऑगस्ट | २,४०० | २,४०० | २,४०० |
| मुद्दल | १२,००० | ७,२०० | ७,२०० |
| ३१ ऑगस्टअखेर व्याज | | ३३६ | ३३६ |
| एकूण | | ७,५३६ | ७,५३६ |

हा कागद मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो. दोन्ही रकान्यांच्या तळाशी एकच आकडा, व्याजसुद्धा पैपर्यंत तेच; आणि तरीही एका रीतीने एप्रिलच्या देण्याला मुदत उलटून चार महिने झालेले, म्हणून सभासद थकबाकीदार, तर दुसऱ्या रीतीने सर्वांत जुने देणे जूनचे, दोन महिन्यांचे, म्हणून तोच सभासद समितीच्या निवडणुकीस पात्र. एकूण रकमेची यादी ज्या ठिकाणी संपूर्ण मौन पाळते नेमक्या त्याच ठिकाणी माणसाचा हक्क टिकतो किंवा जातो, हे इतक्या स्पष्टपणे मी तोवर पाहिले नव्हते.

अण्णा : तुमचे गणित मी मान्य करतो. पण मग मला दुसरे विचारावयाचे आहे. त्या गृहस्थांनी तक्रारीच्या भरात 'जून व जुलै' लिहिले, तेव्हा आपण आपल्याच हाताने थकबाकीदार होत आहोत हे त्यांना ठाऊक होते का? कलम तुमच्या बाजूला असेल. पण शेजाऱ्याच्या अजाणतेपणाचा लाभ संस्थेने घ्यावा हे मला रुचत नाही.

ताई : मलाही रुचत नाही, आणि म्हणूनच मी महिनावार तक्ता मागते. तुमच्या यादीच्या आधाराने त्यांना गेलेले पत्र 'तुमच्याकडे ७,५३६ रुपये येणे आहेत' एवढेच सांगेल. माझ्या तक्त्यातील ओळ त्यांच्याकडे गेली तर एप्रिल व मे उघडे आहेत हे त्यांना दिसेल, आणि ते दोन महिने भरून, हवी तर हरकत नोंदवून, ते मोकळे होतील.

अण्णा क्षणभर थांबले आणि त्यांनी तक्त्याच्या उजव्या अंगास असलेल्या दोन रकान्यांवर बोट ठेवले. मुद्दल निराळे आणि व्याज निराळे अशी ती मांडणी होती.

अण्णा : हे दोन वेगळे कशासाठी? आपल्या जुन्या देयकांत 'मागील बाकी' अशी एकच ओळ असे आणि त्यात सारे येई.

ताई : त्या एका ओळीनेच घात होतो. मागील बाकीत गेल्या महिन्याचे व्याज मिसळलेले असते, पुढच्या महिन्याचे व्याज त्या सबंध बाकीवर लागते, आणि कोणीही तसा ठराव न करता सरळव्याजाचे चक्रवाढ होऊन बसते. आदर्श उपविधींनी परवानगी दिली आहे ती जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याजाची. पाच महिन्यांत हा दोष दिसत नाही. काहीच न भरलेल्या सदनिकेचा हिशेब सरळव्याजाने १२,४२० रुपये होतो आणि चक्रवाढीने १२,४२७, म्हणजे सात रुपयांसाठी कोण भांडणार? परंतु अकरा क्रमांकाच्या सदनिकेची छत्तीस देयके थकली आहेत. तिथे सरळव्याजाने १,१२,८६० रुपये येतात आणि मिसळलेल्या बाकीवर १,१८,९५९. सहा हजारांहून अधिक रक्कम आपण हक्क नसताना मागत आहोत.

अण्णा : आणि हे ओळखावे कसे? प्रत्येक सभासद काही हिशेबनीस नसतो.

ताई : व्याजाचे महिनावार आकडे एकाखाली एक लिहावेत आणि लगतच्या दोहोंतील अंतर पाहावे. आकारणी तीच असेल आणि मध्यंतरी भरणा नसेल, तर सरळव्याजात ते ४२, ८४, १२६, १६८ असे समान पावलांनी वाढते. चक्रवाढीत दुसरा आकडाच पाऊण रुपयाने अधिक येतो आणि पुढे प्रत्येक पाऊल आधीच्याहून लांब पडत जाते. पावले लांबू लागली की व्याजावर व्याज लागत आहे असे समजावे.

हा दोष केवळ नीतीचा नाही, हे येथे मी जोडले पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्यात पूर्वीपासून असलेल्या १०१व्या कलमाने, आणि गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ साली घातलेल्या स्वतंत्र प्रकरणातील १५४ब-२९ या कलमाने, निबंधक चौकशीअंती वसुलीचा दाखला देऊ शकतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. एवढा कठोर उपाय हाती देणाऱ्या कायद्याने संस्थेकडून खात्याचा उतारा मागावा हे रास्तच आहे. आणि त्या उताऱ्यात व्याजावर व्याज सापडले, तर खरी थकबाकी असलेल्या सभासदालाही सबंध मागणीवर हरकत घेण्यास जागा मिळते.

अण्णा : बरे, हे झाले. पण आता माझी शंका वेगळ्या अंगाची आहे. तक्ता इतका काटेकोर दिसतो की तो चुकू शकतो हे वाचणाऱ्याच्या मनातही येत नाही. चार क्रमांकाच्या बाईंनी मला परवाच सांगितले की त्यांनी मेमध्ये मोबाइलवरून पैसे पाठवले. तुमच्या तक्त्यात त्यांचा मे उघडा आहे.

ताईंनी तत्काळ उत्तर दिले नाही. त्यांनी बँकेचे पुस्तक काढले, मे महिन्याची पाने चाळली, आणि २,४०० रुपयांची एक जमा दाखवली जिच्यापुढे पाठवणाराचे नाव अर्धवट होते व सदनिकेचा क्रमांक नव्हता.

ताई : ही रक्कम आजवर उचंत खात्यात पडून आहे. नाव बाईंचे नाही, बहुधा त्यांच्या मुलाच्या खात्यावरून आली असावी. अण्णा, हे तुम्ही बोललात ते फार चांगले झाले. उचंत खात्यात एक रुपयादेखील असेल तोवर कोणाचा तरी रकाना खोटा आहे असे धरूनच चालले पाहिजे. पत्र जाण्यापूर्वी उचंत खात्याची प्रत्येक जमा कोणाची हे शोधले पाहिजे, आणि जी सापडणार नाही तिचा उल्लेख पत्रातच केला पाहिजे.

अण्णा : मग तक्त्याची बेरीज खतावणीशी जुळते, ते कसे?

ताई : ते जुळणारच, कारण दोन्हीकडे ही रक्कम बाईंच्या नावावर आलेलीच नाही. तेरजेतील 'सभासदांकडून येणे' या बाकीशी तक्त्याची रुजुवात झाली म्हणजे माझी बेरीज बरोबर आहे एवढे सिद्ध होते, नोंद योग्य माणसाच्या खाती झाली हे सिद्ध होत नाही. आणि रुजुवातीतही एक फसवणूक असते. तीन क्रमांकाच्या सदनिकेने वर्षाचे २८,८०० रुपये एप्रिलमध्येच भरले. त्यांतले १२,००० आजवर खपले आणि १६,८०० आगाऊ जमा आहेत. ती जमा उणे धरून तक्त्याची एकच बेरीज केली, तर संस्थेची थकबाकी १६,८०० रुपयांनी कमी दिसते. पण तीन क्रमांकाने आगाऊ भरले म्हणून अकरा क्रमांकाचे देणे कमी होत नाही. म्हणून येणे आणि आगाऊ यांच्या बेरजा मी निराळ्या केल्या आहेत. आणि कोणताही रकाना कोरा ठेवलेला नाही. पूर्ण भरणा असेल तेथे शून्य, आकारणीच नसेल तेथे आडवी रेघ. कोऱ्या रकान्याचा अर्थ ज्याला जो सोयीचा तो तो लावतो.

येथवर वादाचा झोक ताईंकडे होता, आणि हिशेबाच्या बाबतीत माझेही मत त्यांच्याच बाजूचे आहे. परंतु यापुढे अण्णांनी जो मुद्दा धरला, त्यात ते अधिक खोल गेले असे मला वाटते.

अण्णा : आता पंक्तीचा प्रश्न. हा तक्ता सचिवाकडे गेला की उद्या तो जिन्याखालच्या फलकावर लागतो. मागे एकदा तसे झाले आहे. लोकांना लाज वाटून पैसे येतात असे त्याचे समर्थन झाले होते. सात क्रमांकाची हरकत गळतीविषयी आहे, चार क्रमांकाचे पैसे उचंत खात्यात आहेत, पाच क्रमांकाचे गृहस्थ मेमध्ये निवर्तले. आणि फलकावर तिघांपुढे केवळ आकडा. लाज वाटावी ती कोणाला?

ताई : फलकावर तो लागू नये हे मलाही मान्य आहे. सभासदाला जे दप्तर विनामूल्य पाहता येते त्यात अधिनियमाच्या ३२व्या कलमाने ताळेबंद आहे, सभांची इतिवृत्ते आहेत. पण हिशेबाच्या वह्यांचे म्हणाल तर ज्या भागात त्याचे स्वतःचे व्यवहार नोंदलेले आहेत तेवढाच भाग. शेजाऱ्याचे खाते त्यात येत नाही. सबंध तक्ता सचिवाला व समितीला; प्रत्येक सदनिकेला तिची एकच ओळ. तसे मी पत्रात लिहिते.

अण्णा : आणि समितीतही आकड्याशेजारी कारण असले पाहिजे. तुम्ही शेऱ्याचा रकाना ठेवला आहे, पण तो रिकामा आहे. रिकाम्या रकान्याविषयी तुम्ही आताच जे बोललात तेच येथेही लागू आहे. सातपुढे 'गळतीबाबत लेखी हरकत, निर्णय प्रलंबित' असे लिहा. हरकतीवर आपण निर्णय दिलेला नाही; आपली ती कसूर त्यांच्या थकबाकीत लपू नये.

ताईंनी हे लगेच मान्य केले. उपविधींप्रमाणे थकबाकीचा आढावा घेऊन ती प्रकरणे समितीपुढे ठेवणे हे सचिवाचे काम आहे. आणि आढावा घेणाऱ्याला आकडा कळला पण हरकत कळली नाही, तर त्याने घेतलेला निर्णय अर्ध्या माहितीवरचा ठरतो. म्हणून त्याच बैठकीत पत्राचा मसुदा नव्याने लिहिला गेला, तो असा :

'मा. सचिव यांस,
सोबत दि. ३१ ऑगस्टअखेरच्या देखभाल थकबाकीचा सदनिकावार व महिनावार तक्ता जोडला आहे. तो बँकेच्या पुस्तकातील त्याच तारखेपर्यंतच्या जमेवर आधारलेला असून त्यानंतरचा भरणा त्यात नाही. मुद्दल व व्याज स्वतंत्र दाखवले आहे. व्याज केवळ मुद्दलावर, सरळव्याजाने आकारले आहे. सभासदाने महिना नमूद केला असल्यास भरणा त्या महिन्यात, अन्यथा सर्वांत जुन्या महिन्यात वळता केला आहे. आगाऊ जमा येणे रकमेतून वजा केलेली नाही. येणे रकमेची बेरीज खतावणीशी रुजू आहे. उचंत खात्यातील २,४०० रुपयांची एक जमा सदनिका ४ची असल्याचे समजते. खात्री होईपर्यंत त्या सदनिकेस मे महिन्याची मागणी पाठवू नये. हरकती शेऱ्यात नोंदल्या आहेत. सबंध तक्ता समितीपुरता असून प्रत्येक सभासदास त्याचीच ओळ द्यावी, व चूक आढळल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवण्यास सांगावे.
आपली, खजिनदार.'

पत्र दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर अण्णांनी पाच क्रमांकाच्या ओळीकडे बोट नेले. तेथे मे ते ऑगस्ट उघडे होते आणि व्याजाच्या रकान्यात २५२ रुपये.

अण्णा : ज्यांच्या नावे ही देयके जातात ते गृहस्थ नाहीत. वारसाचे नाव अजून दप्तरी लागलेले नाही, बँकेतील खाते बंद पडले आहे. हे २५२ रुपये खोडा.

ताई : मी खोडू शकत नाही, अण्णा. आकारणी सदनिकेची आहे आणि व्याजाचा दर सर्वसाधारण सभेने ठरवला आहे. तो एका सदनिकेपुरता मागे घेण्याचा अधिकार माझ्या लेखणीला नाही, आणि तो मी स्वतःकडे घेतला तर उद्या दुसरी कोणती ओळ मी कोणासाठी खोडली हे विचारण्याचा हक्क सर्वांना येईल. नाव बदला म्हणत असाल तर पत्र 'सदनिका ५चे भोगवटादार व वारस' यांच्या नावे जाऊ द्या.

अण्णा : आणि तेथे राहणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा हे पत्र उघडावे ते व्याजाच्या आकड्यासह?

ताई : आकडा न दाखवता तो वाढू देणे, हे मला त्याहून वाईट वाटते.

यावर दोघांचे एकमत झाले नाही. मी तक्ता स्वीकारल्याची सही केली. पाचच्या शेऱ्यात 'सभासद मे महिन्यात दिवंगत, वारसनोंद व्हावयाची आहे, व्याजमाफीचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा अशी समिती सदस्यांची सूचना' असे अण्णांच्या सांगण्यावरून ताईंनीच लिहिले, व्याजाचा आकडा जागच्या जागी राहू दिला, आणि वारसनोंदीचा अर्ज व त्याला लागणाऱ्या कागदांची यादी घेऊन अण्णा स्वतः पाच क्रमांकाच्या सदनिकेकडे जातील व पत्र त्यानंतर रवाना होईल असे ठरले.